NH42SO4 की (NH4)2SO4? आयनिक संयुगांची नावं आणि सूत्रं कशी लिहायची

माझ्या मावसभावाने मध्यंतरी व्हॉट्सॲपवर एक गणित पाठवलं. अमोनिअम सल्फेट या खतात नायट्रोजन किती टक्के असतो ते काढायचं होतं. त्याचं उत्तर आलं होतं ९.२ टक्के आणि गावी शेडमध्ये पडलेल्या पोत्यावर मात्र वीसच्या वरचा आकडा छापलेला. "दादा, पोत्यावर खोटं लिहितात का?" असा त्याचा प्रश्न होता.

पोतं खरं होतं. त्याने नोट्समधून सूत्र कॉपी करून मेसेजमध्ये टाकलं, तेव्हा छोटे आकडे मोठे झाले आणि कंसही गळून पडले. उरलं ते `NH42SO4`. आता हे वाचणाऱ्याने काय समजायचं? हायड्रोजनचे बेचाळीस अणू! त्याने तसंच समजून वस्तुमान काढलं: १४ + ४२ + ३२ + ६४ = १५२. त्यात नायट्रोजन १४, म्हणजे ९.२ टक्के. बेरीज अगदी बरोबर, फक्त पदार्थ जगात नसलेला.

गंमत म्हणजे मी स्वतः लिहिलेल्या एका छोट्या स्क्रिप्टलाही हेच सूत्र देऊन पाहिलं. तिनेही मुकाट्याने १५२ असंच उत्तर दिलं. सूत्र चुकीचं असलं तरी एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं. म्हणून हे सूत्र मुळात कसं तयार होतं आणि ते बरोबर आहे का हे आपलं आपण कसं ओळखायचं, ते या लेखात बघू. पाठांतर फार थोडं आहे.

सूत्र म्हणजे प्रभारांचा हिशोब

आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. सोडिअमचा अणू एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि Na⁺ होतो. क्लोरिन तो इलेक्ट्रॉन घेऊन Cl⁻ होतो. एकाकडे एक धन, दुसऱ्याकडे एक ऋण. दोघे समोरासमोर आले की हिशोब शून्य, आणि आपल्याला मिळतं NaCl, म्हणजे मीठ.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण शाळेत ती घाईत निसटते. मिठाच्या खड्यात "एक सोडिअम आणि एक क्लोरिन" अशी सुटी जोडी कुठेच नसते. Na⁺ आणि Cl⁻ एकाआड एक रचलेले असतात, सगळ्या दिशांनी, पार खड्याच्या कडेपर्यंत. NaCl हे सूत्र फक्त प्रमाण सांगतं: जितके हे, तितके ते. आपण सवयीने "रेणुसूत्र" म्हणतो खरं, पण आयनिक पदार्थात रेणू नसतोच. म्हणून मी या लेखात नुसतं "सूत्र" म्हणणार आहे.

आता कॅल्शिअम घ्या. तो दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणून Ca²⁺. क्लोराइड एकच ऋण प्रभार आणतो. हिशोब शून्य व्हायला दोन क्लोराइड लागतील: CaCl₂. याचं नाव मात्र नुसतं कॅल्शिअम क्लोराइड. "डायक्लोराइड" म्हणत नाहीत. कार्बन डायऑक्साइडमध्ये "डाय" लागतो, कारण कार्बन आणि ऑक्सिजन CO सुद्धा करतात आणि CO₂ सुद्धा, त्यामुळे कोणतं ते सांगावं लागतं. कॅल्शिअम आणि क्लोराइड यांचा हिशोब एकाच प्रकारे जुळतो. जो आकडा पुन्हा काढता येतो, तो नावात साठवायची गरज नाही. डेटाबेस बनवणाऱ्यांना हा विचार ओळखीचा वाटेल.

म्हणजे नावात दोनच गोष्टी असतात: आधी धन आयन, मग ऋण आयन. किती किती, ते आपण काढायचं. आणि ते काढायला प्रत्येक आयनाचा प्रभार माहीत हवा.

गट करून फिरणारे आयन

सल्फेट, नायट्रेट, अमोनिअम हे एकेकटे अणू नाहीत. सल्फेटमध्ये मधोमध एक गंधकाचा अणू आणि त्याला चार ऑक्सिजन पक्के जोडलेले असतात. या पूर्ण गटावर मिळून दोन ऋण प्रभार असतात: SO₄²⁻. हे दोन प्रभार कुठल्या एका ऑक्सिजनचे नसून सगळ्या गटाचे आहेत. मीठ पाण्यात विरघळलं की Na⁺ आणि Cl⁻ वेगळे होतात, पण सल्फेट असलेला क्षार विरघळला तरी सल्फेट फुटत नाही. पाण्यात तो SO₄²⁻ म्हणूनच हिंडतो. शाळेच्या मराठी पुस्तकांत अशा गटांना मूलक म्हणतात.

पाठ करायचं ते एवढंच:

- अमोनिअम NH₄⁺
- नायट्रेट NO₃⁻
- हायड्रॉक्साइड OH⁻
- बायकार्बोनेट HCO₃⁻
- सल्फेट SO₄²⁻
- कार्बोनेट CO₃²⁻
- फॉस्फेट PO₄³⁻

यादीत धन प्रभाराचा गट एकच आहे, अमोनिअम. तो धातू नसूनही सूत्रात धातूच्या जागी, म्हणजे सुरुवातीला बसतो. आणि तो अमोनिया नव्हे. अमोनिया NH₃ हा नाकाला झोंबणारा वायू, त्याच्यावर प्रभार नाही. त्याला एक H⁺ चिकटला की अमोनिअम NH₄⁺ होतो. "अमोनिया सल्फेट" असं बोलण्यात येतं, खताच्या दुकानात तर सर्रास, पण लिहिताना ते चूक.

धातूंचे प्रभार लक्षात ठेवायला सोपे आहेत. सोडिअम, पोटॅशिअम, चांदी यांचा +१. मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, जस्त यांचा +२. ॲल्युमिनिअमचा +३. लोखंड, तांबं अशी मंडळी प्रभार बदलतात, त्यांच्याकडे पुढे येऊ.

अमोनिअम सल्फेट, पायरीपायरीने

आता मावसभावाचं खत घेऊ.

नाव सांगतं की आयन दोन: NH₄⁺ आणि SO₄²⁻. धन बाजूला एक, ऋण बाजूला दोन. एक अमोनिअम घेतला तर एक ऋण प्रभार शिल्लक राहतो. म्हणून अमोनिअम दोन हवेत, सल्फेट एक.

आता लिहायचं कसं? "दोन अमोनिअम" म्हणजे NH₄ हा अख्खा गट दोनदा. तो कंसात बंद करायचा आणि २ कंसाच्या बाहेर खाली लिहायचा: (NH₄)₂SO₄. बाहेरचा २ कंसातल्या प्रत्येक गोष्टीला लागू होतो, त्यामुळे नायट्रोजन २ आणि हायड्रोजन ८. सल्फेट एकच आहे, म्हणून त्याला कंस नाही.

वस्तुमान पुन्हा काढू. नायट्रोजन २८, हायड्रोजन ८, गंधक ३२, ऑक्सिजन ६४. एकूण १३२. नायट्रोजन २८ भागिले १३२, म्हणजे २१.२ टक्के. पोत्यावरचा आकडा याहून किंचित कमी असतो, कारण पोत्यातला माल शंभर टक्के शुद्ध आणि कोरडा नसतो. पण जवळपास जुळलं ना? पोतं खोटं बोलत नव्हतं.

कोणी कंसाचा विचारच न करता NH₄SO₄ लिहिलं असतं तर? वस्तुमान ११४, नायट्रोजन १२.३ टक्के. हेही पोत्याशी जुळत नाही, पण त्याआधीच एक खूण दिसते: +१ आणि −२, बेरीज शून्य नाही. सूत्र लिहून झालं की ही बेरीज एकदा करायची, दहा सेकंदांचं काम आहे. (NH₄)₂SO₄ मध्ये धन बाजू २ × १ = २, ऋण बाजू १ × २ = २. जुळलं.

कंसाचा नियम एका वाक्यात बसतो: आयन गटाचा असेल *आणि* तो एकापेक्षा जास्त असेल, तरच कंस. म्हणून NaOH ला कंस नाही, पण चुन्याच्या निवळीतल्या कॅल्शिअम हायड्रॉक्साइडला आहे: Ca(OH)₂. कंस टाळून CaOH₂ लिहिलं तर ऑक्सिजन एकच उरतो. CaCl₂ मध्ये क्लोराइड दोन आहेत, पण तो गट नाही, म्हणून कंस नाही. आणि अमोनिअम नायट्रेटमध्ये गट दोन्हीकडे आहेत, पण दोन्ही एकेकच, म्हणून NH₄NO₃.

याच NH₄NO₃ मधले दोन नायट्रोजन एकत्र करून N₂H₄O₃ लिहावं असं काहींना वाटतं. अणूंची मोजदाद बरोबर येईल, पण वाचणाऱ्याला आत अमोनिअम आणि नायट्रेट आहेत हे कळणारच नाही. सूत्राने तेच तर सांगायचं असतं.

तिरकस गुणाकार, आणि तो कुठे फसतो

शाळेत तिरकस पद्धत शिकवतात: याचा प्रभार त्याच्या खाली, त्याचा याच्या खाली. ॲल्युमिनिअम सल्फेट घ्या. Al³⁺ आणि SO₄²⁻. ॲल्युमिनिअमखाली २, सल्फेटखाली ३: Al₂(SO₄)₃. तपासू: २ × ३ = ६ धन, ३ × २ = ६ ऋण. ठीक.

आता हीच पद्धत कॅल्शिअम कार्बोनेटला लावा. Ca²⁺ आणि CO₃²⁻. तिरकस लिहिलं तर Ca₂(CO₃)₂ येतं. प्रभार जुळतात, पण प्रमाण २ : २ आहे, ते १ : १ करायचं. म्हणून CaCO₃, म्हणजे संगमरवर, शिंपले आणि चुनखडी.

कोडमध्ये ही सगळी पद्धत चार ओळींत बसते:

```python
from math import gcd

def ratio(plus, minus):
    g = gcd(plus, minus)
    return minus // g, plus // g

print(ratio(3, 2))  # (2, 3)
print(ratio(2, 2))  # (1, 1)
```

`ratio` ला फक्त दोन प्रभार द्यायचे, चिन्हाशिवाय. पहिलं उत्तर धन आयन किती, दुसरं ऋण आयन किती. `gcd` म्हणजे मसावि, त्याने प्रमाण सगळ्यात लहान होतं. मोबाइलवर कुठल्याही ऑनलाइन पायथन कंपायलरमध्ये चालेल.

हे फंक्शन आयनांची *संख्या* लहान करतं, आयनाच्या आतल्या आकड्यांना हात लावत नाही. नेमकी इथेच माणसं चुकतात. सोडिअम पेरॉक्साइडचं सूत्र Na₂O₂ आहे. "दोन्हीकडे २ आहे, भागून टाका" म्हणून NaO केलं तर चूक, कारण पेरॉक्साइड हा O₂²⁻ असा दोन ऑक्सिजनचा जोडलेला गट आहे. त्याच्या आतला २ प्रमाणाचा नाही, त्याच्या ओळखीचा आहे. पाऱ्याच्या एका संयुगात असंच आहे, Hg₂Cl₂. तिथे पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना जोडून Hg₂²⁺ हा एक आयन बनलेला असतो. HgCl₂ हे वेगळं संयुग आहे, आणि HgCl असं भागून लिहिणं बरोबर नाही. भागाकार करायचा तो गट सुटे दिसत असताना, पूर्ण सूत्र लिहून झाल्यावर नाही.

लोखंड कुठलं? रोमन आकड्याचं काम

लोखंड कधी Fe²⁺ असतं, कधी Fe³⁺. त्यामुळे "लोहाचं सल्फेट" एवढ्याने सूत्र ठरत नाही. Fe²⁺ असेल तर FeSO₄, आणि Fe³⁺ असेल तर Fe₂(SO₄)₃. जुन्या पद्धतीत पहिल्याला फेरस सल्फेट आणि दुसऱ्याला फेरिक सल्फेट म्हणतात. लोहाच्या गोळ्यांच्या पाकिटांवर अजून "फेरस" हाच शब्द दिसतो. पण या "अस" आणि "इक"ची अडचण अशी की ते कमी-जास्त एवढंच सांगतात, आकडा सांगत नाहीत. फेरस म्हणजे +२, पण तांब्याच्या बाबतीत क्युप्रस म्हणजे +१. म्हणून जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी १९१९ साली प्रभाराचा आकडा थेट नावात घालायची पद्धत सुचवली. आता आपण आयर्न(II) सल्फेट आणि आयर्न(III) सल्फेट असं लिहितो आणि वाचताना "आयर्न टू सल्फेट" म्हणतो.

उलट्या दिशेने, म्हणजे सूत्रावरून नाव काढताना, इथे हमखास एक चूक होते. Fe₂(SO₄)₃ बघून लोक "आयर्न(II)" लिहितात, कारण Fe च्या खाली २ दिसतो. तो २ म्हणजे लोखंड किती, आणि रोमन आकडा म्हणजे प्रत्येक लोखंडावर प्रभार किती. दोघांचा संबंध नाही. प्रभार काढायचा तर ऋण बाजूने सुरुवात करा, कारण सल्फेटचा प्रभार बदलत नाही: तीन सल्फेट, प्रत्येकी −२, एकूण −६. हे फेडायला +६ हवेत आणि ते दोन लोखंडांत वाटायचे आहेत. प्रत्येकी +३. म्हणून आयर्न(III) सल्फेट.

सोडिअम, कॅल्शिअम, ॲल्युमिनिअम यांना रोमन आकडा लावायचा नाही. त्यांचा प्रभार एकच असतो, तो सगळ्यांना माहीत आहे.

ड, ट आणि एट

मराठीत लिहिताना हा भाग जरा जास्त जपून वाचावा लागतो, कारण सगळा फरक शेवटच्या अक्षरावर आहे.

सल्फाइड म्हणजे नुसतं गंधक, S²⁻.
सल्फाइट म्हणजे गंधक आणि तीन ऑक्सिजन, SO₃²⁻.
सल्फेट म्हणजे गंधक आणि चार ऑक्सिजन, SO₄²⁻.

सोडिअमबरोबर अनुक्रमे Na₂S, Na₂SO₃ आणि Na₂SO₄. ही शेवटं आजची नाहीत. १७८७ साली लाव्हॉझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये रसायनांच्या नावांची नवी पद्धत मांडली, "एट" आणि "आइट" हा भेद तिथून आलेला आहे. ऑक्सिजन जास्त असेल तर "एट", त्याच जोडीत कमी असेल तर "आइट". पण *किती* जास्त, हे शब्द सांगत नाही. सल्फेटमध्ये चार ऑक्सिजन आणि नायट्रेटमध्ये तीन. म्हणून "एट म्हणजे चार" असा नियम बनवू नका, यादी पाठ करण्याला पर्याय नाही.

नायट्रोजनकडे तर प्रभारही बदलतो. नायट्राइड N³⁻, नायट्राइट NO₂⁻, नायट्रेट NO₃⁻. त्यामुळे Na₃N, NaNO₂ आणि NaNO₃. यातलं सोडिअम नायट्राइट पांढरं, मिठासारखं दिसणारं आणि विषारी आहे. ते पोटात गेलं तर रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहून न्यायची क्षमता जाते. डब्यावरचं नाव वाचताना "टे" आणि "टा" यांत गल्लत झाली, तर ती परीक्षेतल्या एका मार्कापुरती राहत नाही.

आणखी एक गोंधळ: NaNO₂ मधला NO₂ पाहून "नायट्रोजन डायऑक्साइड" आठवतो. अणू तेच, पण तो वायू आहे आणि त्याच्यावर प्रभार नाही. इथे सोडिअमला +१ आहे, म्हणून उरलेल्या गटावर −१ असलाच पाहिजे. म्हणजे तो नायट्राइट. तसंच SO₃ हा वायूरूपातही मिळणारा ऑक्साइड, आणि SO₃²⁻ म्हणजे सल्फाइट. प्रभार लिहिला नाही तर दोन्ही एकसारखेच दिसतात.

घरातली तुरटी

थोडं मोठं सूत्र बघू. दाढीनंतर लावायची किंवा गढूळ पाण्यात फिरवायची तुरटी म्हणजे KAl(SO₄)₂·12H₂O. पहिल्यांदा बघितलं की घाबरायला होतं, पण हिशोब तोच.

धन आयन दोन प्रकारचे आहेत: K⁺ आणि Al³⁺. मिळून +४. ऋण बाजूला सल्फेट, प्रत्येकी −२. म्हणून सल्फेट दोन, कंसासकट. नाव पोटॅशिअम ॲल्युमिनिअम सल्फेट.

मग तो टिंब आणि पाणी? खड्याच्या रचनेतच पाण्याचे रेणू ठराविक प्रमाणात अडकलेले असतात, टिंबाचा अर्थ तेवढाच. तो गुणाकार नाही. पाण्यावर प्रभार नसतो, त्यामुळे हिशोबात ते मोजायचं नाही, पण वजनात मात्र मोजायचं. मोरचूद घ्या, CuSO₄·5H₂O. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण फवारतात त्यातला हा निळा खडा. Cu वरचा प्रभार सल्फेटवरून +२ निघतो, म्हणून कॉपर(II) सल्फेट. त्याच्या वजनातला जवळपास ३६ टक्के भाग पाणी आहे. खडा तापवला की पाणी उडून जातं, निळा रंगही जातो आणि पांढरट भुकटी उरते. म्हणून प्रयोगशाळेत "कॉपर सल्फेट १० ग्रॅम" असं लिहिलेलं असेल, तर बाटलीवरचं सूत्र पाण्यासकट आहे की पाण्याशिवाय, हे आधी बघावं लागतं. नाहीतर तांबं कमी पडतं.

फोनवर टाइप करताना

बऱ्याच मोबाइल कीबोर्डवर आकडा दाबून धरला की ² मिळतो, आणि घाईत लोक CaCl² लिहितात. वरचा आकडा प्रभारासाठी आहे, संख्येसाठी खालचा लागतो. हे खालचे आकडे युनिकोडमध्ये वेगळी अक्षरं म्हणून आहेत: ₀₁₂₃₄₅₆₇₈₉. ही ओळ कॉपी करून नोट्समध्ये किंवा कीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये पिन करून ठेवा. ते जमत नसेल तर सरळ `(NH4)2SO4` लिहा, काही बिघडत नाही. छोटे आकडे गेले तरी कंस शाबूत असले तर अर्थ शाबूत राहतो. नोट्स ॲपमधून किंवा पीडीएफमधून कॉपी केल्यावर कंस आलेत का, ते एकदा बघा.

दुसरा त्रास ऑटोकरेक्टचा. `CO` म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि `Co` म्हणजे कोबाल्ट. कीबोर्डने परस्पर `Co3` केलं, तर कार्बोनेटचा कोबाल्ट होतो. सूत्र टाइप करताना ऑटोकरेक्ट बंद ठेवलेलं बरं.

सर्च करतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवा. भारतातल्या खतांच्या आणि औषधांच्या पाकिटांवर बहुतेक `sulphate` हे स्पेलिंग असतं आणि आंतरराष्ट्रीय साइट्सवर `sulfate`. पदार्थ एकच आहे.

तीन करून बघा

उत्तरं खालीच आहेत, आधी कागदावर काढा. एक, अमोनिअम फॉस्फेट, ज्यात फक्त NH₄⁺ आणि PO₄³⁻ आहेत. दोन, कॅल्शिअम फॉस्फेट. तीन, Cu(NO₃)₂ चं नाव.

पहिल्यात फॉस्फेटचे तीन ऋण प्रभार फेडायला तीन अमोनिअम लागतात: (NH₄)₃PO₄. दुसऱ्यात Ca²⁺ आणि PO₄³⁻, मसावि १, त्यामुळे तिरकस जे येतं तेच राहतं: Ca₃(PO₄)₂, दोन्हीकडे सहा-सहा. तिसऱ्यात दोन नायट्रेट मिळून −२, तांबं एकच, म्हणजे त्याच्यावर +२: कॉपर(II) नायट्रेट.

मावसभावाने पहिलं उत्तर NH43PO4 असं पाठवलं. मी फक्त "त्रेचाळीस हायड्रोजन?" असं लिहिलं. दोन मिनिटांनी कंस आले.